कॅटलॉगवरच्या ऑर्डरी आणि खात्यातले पैसे रात्री जुळत नाहीत, तेव्हा

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. दिवसभर व्हॉट्सॲप बिझनेसवर ऑर्डरी घेतल्या, माल पोहोचला, पैसेही येत राहिले. आणि रात्री वही आणि खातं समोरासमोर ठेवलं की तीनशे-चारशेचा फरक निघतो. कधी कमी, कधी चक्क जास्त. दोन-तीन दिवस दुकानदार शोधतो, मग फरक 'किरकोळ' म्हणून सोडून देतो, आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा उगवतो.

हा फरक ॲप बदलून जात नाही. तो नेमका कुठून येतो ते एकदा पाहिलं की प्रत्येक कारणाला वेगळा उपाय आहे. म्हणून आधी एका दिवसाचा हिशोब उलगडू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण प्रकार तोच जो सोसायटीच्या गेटशेजारच्या कोणत्याही वाणसामानाच्या दुकानात रोज घडतो.

तारीख १४ जुलै. यूपीआयने पैसे यायचे अशा ११ ऑर्डरी. वहीतली बेरीज ७,३४० रुपये. खात्यात त्याच ११ ऑर्डरींपोटी आलेले ७,०१८. फरक ३२२ रुपये कमी.

बहुतेक जण इथे ३२२ रुपयांची ऑर्डर शोधायला लागतात, आणि चूक तिथेच होते. ३२२ हा शिल्लक राहिलेला आकडा आहे, कोणत्याही एका ऑर्डरीचा नाही. त्याऐवजी पेन्सिल घ्या आणि वहीतली रक्कम व खात्यातली रक्कम तंतोतंत सारखी असेल तिथे दोन्हीकडे टिक करत चला. एका रुपयाचाही फरक असेल तर टिक नाही. या दिवशी आठ ऑर्डरी अशा निघाल्या. उरल्या तीन ऑर्डरी: ५४०, ६८५ आणि ४१२. खात्यात उरल्या दोनच जमा: ५१२ आणि ८०३.

आता चित्र स्पष्ट होतं. ५४० च्या जागी ५१२ आले, म्हणजे २८ कमी. ६८५ च्या जागी ८०३ आले, म्हणजे ११८ जास्त. आणि ४१२ आलेच नाहीत. उणे २८, अधिक ११८, उणे ४१२: बरोबर उणे ३२२. एका फरकाच्या पोटात तीन वेगळी दुखणी होती, आणि त्यातलं एक दुसऱ्याला झाकत होतं. जादा आलेले ११८ नसते, तर फरक ४४० दिसला असता. उलट एखाद्या दिवशी असे जादा पैसे नेमके तेवढेच आले, तर फरक शून्य दिसतो आणि बुडालेली ऑर्डर कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून बेरीज जुळली तरी टिका मारून बघाव्यात.

२८ रुपये: ग्राहकाने कार्टची रक्कम भरली

बी-४०२ च्या ताईंनी कॅटलॉगमधून कार्ट पाठवलं. त्यात सोयाबीन तेलाच्या एक लिटरच्या दोन पिशव्या होत्या. कॅटलॉगमध्ये भाव १४२, दुकानातला त्या दिवशीचा भाव १५६. दोन पिशव्यांचे २८. कार्टखाली त्यांना ५१२ दिसले, त्यांनी तुमच्या उत्तराची वाट न बघता ५१२ भरून टाकले. त्यांची काहीच चूक नाही. स्क्रीनवर जी रक्कम दिसते ती माणूस भरणारच.

मुळात कार्ट म्हणजे बिल नव्हे. ती ग्राहकाने पाठवलेली यादी आहे. पाठवल्यावर ग्राहकाला ती बदलता येत नाही, आणि तुम्ही नंतर कॅटलॉगमध्ये भाव सुधारलात तरी आधी आलेल्या कार्टवर त्याच्या वेळचाच भाव राहतो. त्यामुळे प्रत्येक कार्टला तुमच्याकडून एक पक्कं बिल गेलंच पाहिजे, आणि पैसे त्या बिलावर यायला हवेत. ते कसं, ते पुढे येतं. आधी कॅटलॉग.

कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू मावतात, म्हणून ५०० भरण्याचा मोह होतो. एका माणसाने चालवायच्या दुकानात १२० ते १५० वस्तू पुरेत. ज्या वस्तूचा भाव तुम्ही आठवड्यातून एकदा डोळ्यांखालून घालू शकत नाही, ती कॅटलॉगमध्ये ठेवून फक्त भांडण वाढतं. २२ सप्टेंबर २०२५ ला बिस्किटं, टूथपेस्ट, अंघोळीचा साबण यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. अशा वेळी ज्याच्या कॅटलॉगमध्ये वस्तू जास्त, त्याचे जुने भाव एका रात्रीत जास्त.

वस्तूंचे तीन गट मनात धरा. पहिला, छापील किमतीच्या पॅकबंद वस्तू. यांची किंमत भरा, पण छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त नको. घरपोच आकार घ्यायचा असेल तर बिलात त्याची वेगळी ओळ लिहा, वस्तूच्या किमतीत मिसळू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं कायद्याला धरून नाही. दुसरा गट, आठवड्याला हलणारे भाव: तेल, डाळी, साखर, शेंगदाणे. यांचा एक वेगळा संग्रह करा, म्हणजे सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर तेवढाच उघडून पंधरा-वीस भाव तपासता येतील. तिसरा गट रोज बदलणाऱ्या मालाचा: भाजी, कांदे-बटाटे, फळं, नारळ. यांच्या किमतीचा रकाना रिकामा सोडा आणि वर्णनात लिहा, 'आजचा भाव बिलात कळवू'. किंमत भरणं सक्तीचं नाही. चुकीची किंमत दिसण्यापेक्षा कोरी जागा चांगली, कारण कोरी जागा पाहून ग्राहक बिलाची वाट बघतो.

वजनी मालात आणखी एक गोची आहे. कार्टमध्ये नग वाढवता येतात, पण ते पूर्ण अंकातच: एक, दोन, तीन. 'तूरडाळ १ किलो' एवढीच वस्तू ठेवली, तर दीड किलो हवी असलेला माणूस कार्टमध्ये एक टाकतो आणि खाली वेगळ्या मेसेजमध्ये लिहितो, 'डाळ अर्धा किलो जास्त द्या'. घाईत कार्ट वाचलं जातं, खालची ओळ नाही. म्हणून डाळ, साखर, पोहे, रवा यांच्या एक किलो आणि पाव किंवा अर्धा किलो अशा दोन वेगळ्या वस्तू करा, आणि वजन नावातच लिहा. वर्णनात लिहिलेलं वजन कार्टमध्ये दिसत नाही, नाव दिसतं.

संपलेली वस्तू काढून टाकू नका, लपवा. वस्तूच्या पानावरच लपवण्याची सोय आहे. काढून टाकली तर फोटो, नाव, किंमत सगळं पुन्हा भरावं लागतं, आणि नव्या वस्तूची व्हॉट्सॲपकडून पुन्हा तपासणी होते. या तपासणीत एखादी वस्तू नाकारली गेली तर कॅटलॉगमध्ये तिच्यावर खूण दिसते. वाण्याच्या दुकानात असं सहसा दोन जागी होतं: विडी-सिगारेट-तंबाखू आणि औषधं. तंबाखू आणि औषधं विकण्याला व्हॉट्सॲपच्या व्यापार धोरणात मनाई आहे, तेव्हा डोकेदुखीची गोळीसुद्धा कॅटलॉगमध्ये घालू नका. साधी वस्तू चुकून नाकारली गेली असेल, तर तिथूनच पुन्हा तपासणी मागता येते.

११८ रुपये: दोन व्यवहार एका रकमेत

सी-१०३ च्या काकांनी ६८५ च्या ऑर्डरीबरोबर मागची ११८ ची उधारी एकदमच भरली. त्यांच्या दृष्टीने चोख व्यवहार. तुमच्याकडे मात्र ८०३ रुपये आले, आणि तेही सूनबाईंच्या खात्यातून, ज्यांचं नाव तुमच्या फोनमध्ये नाही. दुकानातला साउंडबॉक्स रक्कम बोलतो, ऑर्डर बोलत नाही. ऑर्डर एकाची, खातं दुसऱ्याचं, रक्कम तिसरीच: शोधणार कसं?

नावावरून ओळखायचा नाद सोडा. ओळख दोनच गोष्टींनी ठेवा, ऑर्डर नंबर आणि तंतोतंत रक्कम. नंबर साधा असावा: तारीख, महिना आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक. १४ जुलैची सहावी ऑर्डर म्हणजे `1407-06`. आकडे नेहमी इंग्रजीतच टाका. एकदा देवनागरी आणि एकदा इंग्रजी आकड्यांत लिहिलं, तर चॅटमध्ये शोधताना एक सापडतं, दुसरं नाही.

पक्क्या बिलाचा मेसेज 'झटपट उत्तर' म्हणून जतन करून ठेवा. असे ५० मेसेज जतन होतात. तुम्हाला तीन-चार लागतील. शॉर्टकट `/bil` ठेवला की टाइप करताच हा साचा समोर येतो आणि रिकाम्या जागा भरायच्या:

```
पक्कं बिल 1407-06 | बी-402
सोयाबीन तेल 1 लि. x 2 = 312
तूरडाळ 500 ग्रॅ. x 1 = 70
साखर 1 किलो x 2 = 90
पोहे 1 किलो x 1 = 68
एकूण 540
कार्टवरची रक्कम भरू नका, हीच भरा.
```

शेवटची ओळ काढू नका. तेलाचे २८ रुपये याच ओळीने वाचतात. आणि एखादी वस्तू संपलेली असेल तर ती बिलातून गुपचूप गाळू नका. 'शेंगदाणे संपले, उद्या' अशी ओळ राहू द्या. नाहीतर माल घरी पोहोचल्यावर फोन येतो, आणि भरलेले पैसे परत करायचा एक नवा व्यवहार हिशोबात घुसतो.

जुनी उधारी असेल तर ती या बिलात मिळवू नका. तिचा वेगळा मेसेज, वेगळा नंबर: `U-103`, रक्कम ११८. ग्राहकाने तरीही एकत्र भरलं, तर वहीत ८०३ एका ओळीत न लिहिता ६८५ आणि ११८ अशा दोन ओळींत फोडा आणि दोन्हीपुढे व्यवहार क्रमांकाचे तेच शेवटचे चार आकडे लिहा. रात्री मग ती जमा बरोबर टिक होते.

पैशांची लिंक का उघडत नाही

इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून जरा सविस्तर.

रक्कम आणि ऑर्डर नंबर आधीच भरलेली यूपीआयची ओळ अशी असते:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Kirana%20Dukan&am=540.00&cu=INR&tn=1407-06
```

`pa` म्हणजे तुमचा यूपीआय आयडी, `pn` नाव, `am` रक्कम, `tn` टीप. ओळ बरोबर आहे, पण ती जशीच्या तशी चॅटमध्ये चिकटवली तर नुसता मजकूर दिसतो, निळी लिंक होत नाही. व्हॉट्सॲप `https` ने सुरू होणाऱ्या पत्त्यांना लिंक मानतं, `upi` ने सुरू होणाऱ्यांना नाही. ग्राहक 'लिंक चालत नाही' म्हणतो ते यामुळे. ही ओळ क्यूआर बनवण्यासाठी वापरायची. दुकानाच्या यूपीआय ॲपमध्ये रक्कम टाकून क्यूआर बनवायची सोय असेल तर ओळ हाताने लिहायचीही गरज नाही.

हाताने बनवणार असाल तर दोन अक्षरांपासून सावध राहा. टीपेत ऑर्डर नंबरापुढे `#` लावला तर त्यापुढचा भाग गळतो. आणि दुकानाच्या नावात `&` असेल तर ओळ तिथेच तुटते. त्याच्या जागी `%26` लिहा, किंवा सरळ नावच लहान करा. क्यूआर स्कॅन झाला पण टीप किंवा नाव अर्धवट आलं, तर बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं.

आता क्यूआर पाठवला. पण ग्राहक ज्या फोनवर क्यूआर बघतोय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? तो चित्र गॅलरीत जतन करतो आणि यूपीआय ॲपमधून उचलतो. असा गॅलरीतून उचललेला क्यूआर असेल तर २,००० रुपयांच्या वर रक्कम जात नाही. सुरक्षेसाठी घातलेली ती मर्यादा आहे. ५४० च्या बिलाला अडचण नाही. महिन्याच्या किराण्याचं ३,६०० चं बिल मात्र अडतं, आणि ग्राहकाला वाटतं तुमचंच खातं बंद आहे.

मोठ्या बिलांसाठी सोपी वाट अशी: बिलाच्या मेसेजनंतर तुमचा यूपीआय आयडी एका वेगळ्या मेसेजमध्ये पाठवा, त्यात दुसरा एकही शब्द नको. ग्राहक तो दाबून धरतो, कॉपी करतो, ॲपमध्ये चिकटवतो. आयडी बिलाच्या पोटात असला की संपूर्ण बिल कॉपी होतं आणि मग लोक आयडी हाताने टाइप करतात, चुकतात. त्याबरोबर एक ओळ, 'टीपेत 1407-06 लिहा'. सगळे लिहिणार नाहीत. जे लिहितील त्यांची जमा एका नजरेत ओळखता येते. बाकीच्यांना तंतोतंत रकमेवरून पकडायचं. दोन बिलांची रक्कम अगदी सारखी आली, तर कोणत्या घरातून किती वाजता भरले ते लगेच विचारून घ्या, रात्रीवर ठेवू नका.

पूर्वी अनेक दुकानदार यूपीआय ॲपमधून ग्राहकाला 'पैसे मागा' अशी विनंती पाठवत. वैयक्तिक खात्यावरून व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. तुमच्या हातात असलेली कृती अचानक दिसेनाशी झाली असेल तर कारण हे आहे, ॲप बिघडलेलं नाही. व्यापारी म्हणून नोंदणी केलेल्या खात्यांची गोष्ट वेगळी.

पेमेंट गेटवेची `https` वाली लिंक हा आणखी एक पर्याय. ती चॅटमध्ये निळी दिसते, रक्कम पक्की असते, तिच्यावर ऑर्डर नंबर घालता येतो, आणि भरली की नाही हे त्यांच्या पानावर दिसतं. पण दोन गोष्टी आधीच समजून घ्या. त्यांचं शुल्क असतं. आणि पैसे सहसा त्याच क्षणी बँकेत येत नाहीत. नंतर, शुल्क वजा होऊन, अनेक ऑर्डरींचे एकदम येतात. बँकेत ४,२१० जमा दिसतात आणि तुमच्या कोणत्याच ऑर्डरीशी ते जुळत नाहीत. म्हणून लिंकवरच्या ऑर्डरी गेटवेच्या यादीशी जुळवा, बँकेशी नाही. बँकेशी फक्त त्यांची एकत्र जमा जुळवायची. थेट यूपीआय आणि गेटवे दोन्ही वापरत असाल तर वहीत त्यांच्यासाठी वेगळी खूण हवीच. दिवसाला वीस-पंचवीस ऑर्डरी असलेल्या दुकानाला आमच्या मते थेट यूपीआय पुरतं.

४१२ रुपये: स्क्रीनशॉट आला, पैसे नाही

ए-२०१ कडून पैसे भरल्याचं चित्र आलं, दुकानात गर्दी होती, कुणीतरी 'पैसे आले' अशी खूण केली आणि माल गेला. नंतर चित्र मोठं करून बघितलं तर रकमेखाली बारीक अक्षरात 'प्रोसेसिंग' लिहिलेलं. ग्राहकाने फसवलं नव्हतं. व्यवहार मधेच लटकला होता.

स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, ती सूचना समजा. जमा झाली की नाही हे तुमच्या ॲपच्या व्यवहार-यादीत किंवा बँकेच्या मेसेजमध्येच बघायचं, आणि तिथे दिसलेल्या १२ आकडी व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वहीत लिहायचे. हा नियम पाळला की बनावट स्क्रीनशॉट, कालचाच पुन्हा पाठवलेला स्क्रीनशॉट आणि लटकलेला व्यवहार, तिन्ही एकाच चाळणीत अडकतात. वहीत चार आकडे नाहीत म्हणजे पैसे आलेले नाहीत. मग चित्र कितीही स्वच्छ असो.

लटकलेल्या व्यवहारात ग्राहकाच्या खात्यातून पैसे वजा झाले असतील तर त्याला लगेच दुसऱ्यांदा भरायला लावू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, व्यक्ती ते व्यक्ती यूपीआय व्यवहारात पैसे पोहोचले नाहीत तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत जायला हवेत. दुकानाला भरलेल्या रकमेचं, दुकानाला खात्री मिळाली नसेल तर, पाच दिवसांपर्यंत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला १०० रुपये द्यायचे असतात. ओळखीच्या घराला माल द्या, बिल 'पैसे बाकी' मध्येच ठेवा, आणि ग्राहकाला एवढंच सांगा: 'ताई, आमच्याकडे अजून दिसत नाहीत. उद्या संध्याकाळी दोघंही बघू.' घाईने दोनदा भरून घेतलं, तर मग तुम्हाला परत करायचं काम लागतं.

खुणा चॅटवर नाही, बिलावर लावा

लेबलं सगळेच वापरतात, तरी घोळ होतो, कारण लेबल चॅटवर लावलेलं असतं. बी-४०२ ची सकाळची ऑर्डर पोहोचली, चॅटवर 'पूर्ण' लेबल लागलं. संध्याकाळी त्याच घरातून दुसरी ऑर्डर आली, आणि ती 'पूर्ण' खाली झाकली गेली. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये एकेका मेसेजवरही लेबल लागतं. पक्क्या बिलाचा मेसेज दाबून धरा आणि लेबल त्यालाच लावा.

लेबलं २० पर्यंत करता येतात. चारच ठेवा: 'पैसे बाकी', 'पोहोचवायचे', 'वाटेत', 'पूर्ण'. मेख अशी की एकाच मेसेजवर दोन लेबलं एकाच वेळी राहू शकतात. नवं लावलं म्हणून जुनं आपोआप निघत नाही. लेबलांच्या यादीत नव्यावर टिक करताना जुन्याची टिक काढणं ही एकच हालचाल समजून हाताला सवय लावा. दुकान बंद करताना 'वाटेत' रिकामं असलं पाहिजे, आणि 'पैसे बाकी' मध्ये फक्त जाणूनबुजून दिलेली उधारी असली पाहिजे. तिसरं काही दिसलं तर ते त्याच रात्री सोडवा.

पोहोचवणाऱ्या मुलाला माहिती फोनवरून तोंडी देऊ नका. त्याच्याशी वेगळी चॅट ठेवा आणि तिथे प्रत्येक फेरीसाठी ऑर्डर नंबर, फ्लॅट, पिशव्यांची संख्या आणि 'भरलेले' किंवा 'रोख २६०' एवढं लिहा. माल दिल्यावर त्याने त्याच मेसेजला उत्तर म्हणून लिहायचं: 'दिलं' किंवा 'दिलं, रोख २६०'. मेसेज ओढून उत्तर दिलं की कोणत्या ऑर्डरीचं उत्तर हे वेगळं सांगावं लागत नाही, आणि वेळ आपोआप नोंदली जाते. पिशवीवर स्केचपेनने ऑर्डर नंबर आणि '१/२', '२/२' असं लिहा. दोन पिशव्यांपैकी एकच पोहोचणं हा सगळ्यात नेहमीचा घोळ आहे, आणि तो या दोन आकड्यांनी थांबतो.

रोखीच्या फेरीला निघताना ५०० रुपये सुट्टे मोजून द्या. तीन रोख ऑर्डरी २६०, ३८५ आणि १७५ च्या असतील तर ८२० होतात. परत आल्यावर हातात १,३२० हवेत. ते तेव्हाच मोजा, रात्री नाही. दारात उभं राहून 'अरे, ऑनलाइन घे ना' म्हणणारं एक घर असतंच, आणि मुलगा स्वतःच्या नंबरवर पैसे घेतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं, पण तुमच्या खात्यात जमा नाही आणि गल्ल्यातही नाही. पिशवीत दुकानाचा क्यूआर छापलेलं कार्ड ठेवा, आणि दुकानात जमा दिसल्याचा मेसेज येईपर्यंत त्याने दारातून हलू नये असं ठरवून टाका. मग त्या ऑर्डरीची 'रोख' ही नोंद वहीत खोडून व्यवहार क्रमांक लिहा. ही दुरुस्ती राहिली तर रोख कमी आणि खातं जास्त, असा दुहेरी फरक पडतो.

वही चॅटमध्ये ठेवू नका

शेवटी नोंदीची जागा. एखाद्या ग्राहकाने चॅटवर 'आपोआप नाहीसे होणारे मेसेज' चालू केले असतील, तर बिलं २४ तासांनी, ७ दिवसांनी किंवा ९० दिवसांनी निघून जातात, आणि मेसेजबरोबर त्यावरचं लेबलही जातं. चॅटमध्ये ही सोय चालू झाल्याची ओळ उमटते, पण कामाच्या धांदलीत ती वाचली जात नाही. म्हणून खरी नोंद वहीत किंवा शीटमध्येच असू द्या.

सहा रकाने पुरतात: ऑर्डर नंबर, फ्लॅट, बिलाची रक्कम, आलेली रक्कम, व्यवहार क्रमांकाचे चार आकडे किंवा 'रोख', आणि पोहोचल्याची वेळ. गूगल शीट वापरत असाल तर पहिल्या आणि पाचव्या रकान्याचा प्रकार 'साधा मजकूर' करा. नाहीतर `0412` चं `412` होतं आणि जुळवताना सापडत नाही. बाकी राहिलेल्या ऑर्डरी आपोआप बाजूला दिसण्यासाठी H2 मध्ये हे सूत्र टाका:

```
=FILTER(A2:D500, C2:C500>D2:D500)
```

बिलापेक्षा आलेली रक्कम कमी असेल, किंवा रकाना कोराच असेल, तर ती ओळ तिथे येते. सगळे पैसे आले की त्या जागी `#N/A` दिसतं. तो बिघाड नाही, दाखवण्यासारखी एकही ओळ उरलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. जास्त आलेली रक्कम मात्र हे सूत्र पकडत नाही. ११८ सारखी जमा शोधायला सूत्रातलं `>` बदलून `<` केलेलं दुसरं सूत्र M2 मध्ये ठेवा.

दुकानात दोन फोनवरून उत्तरं जात असतील तर नंबर देण्याचं काम एकाच माणसाकडे ठेवा. मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात, आणि दोघांनी एकाच कार्टला `1407-06` आणि `1407-07` अशी दोन बिलं पाठवली, तर ग्राहक एकच भरतो आणि दुसरं 'पैसे बाकी' मध्ये आठवडाभर लोंबकळतं. मुख्य फोन १४ दिवस वापरलाच नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. गावी जाताना तो फोन बंद करून कपाटात ठेवू नका, काउंटरवर चार्जरला लावून द्या.